आगाशे सरांना पाठवलेला मेल

कौशल्या वानखडेला कुणाकडे काही मागायचं असलं की ती आधी माफी मागायची. रिक्षावाल्याकडे सुटे मागतानासुद्धा 'सॉरी दादा' म्हणायची. दारव्ह्याच्या एका शिंप्याची ही मधली मुलगी. शिकून पुण्यात आली, लग्नानंतर मांजरीला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहू लागली आणि येरवड्यातल्या एका मोठ्या रक्त-लघवी तपासणी लॅबच्या रिपोर्ट विभागात चिकटली. त्याला आता नऊ वर्षं झाली होती. वय छत्तीस.

तिचं काम बाहेरच्या माणसाला सांगून कळत नसे. मशीननं आकडे दिले, डॉक्टरांनी सही केली की रिपोर्ट पेशंटला जायच्या आधी तिच्यासमोर येई. नाव, वय, नमुन्याचा नंबर, कोणत्या केंद्रातून आला, मागच्या वेळच्या आकड्यात आणि आत्ताच्या आकड्यात फार तफावत आहे का, हे बघायचं आणि मग रिपोर्ट सोडायचा. काही खटकलं तर थांबवायचा आणि लॅबला फोन करायचा. तिनं थांबवलेल्या रिपोर्टची आठवण कुणाला राहत नसे. सुटलेला चुकीचा रिपोर्ट मात्र वर्षभर गाजे.

तिच्या शेजारच्या डेस्कवर मैत्री लिमये बसायची. शहरातली केंद्रं कौशल्याकडे आणि बाहेरगावची, म्हणजे बारामती, सातारा, नगरकडची, मैत्रीकडे. सात वर्षं दोघींनी एकमेकींच्या डब्यातली भाजी खाल्ली. मैत्रीला कौशल्याचा ठेचा झेपायचा नाही, तरी ती मागायची आणि मग पाण्याची बाटली शोधायची. गेल्या जुलैत एका मंगळवारी मैत्रीला वर बोलावलं. अर्ध्या तासानं ती खाली आली, ड्रॉवर रिकामा केला आणि कौशल्याला म्हणाली, "माझी केंद्रं आता तुझ्याकडे. नगरचा मुलगा आडनाव आधी लिहितो, लक्ष ठेव."

काही दिवसांपुरतं आहे, असं विभागप्रमुख केयूर आगाशे तेव्हा म्हणाले होते. ते काही दिवस संपेनात. कौशल्या सहाच्या ऐवजी सव्वासातला, कधी साडेसातला निघू लागली. मांजरीला पोचायला दोन बस लागत. घरी पोचेपर्यंत नवरा आनंद कुकर लावून बसलेला असे. त्याच्या कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला होता, म्हणून तो लवकर येई आणि त्याचं त्याला वाईट वाटे.

त्यातच दारव्ह्याला तिच्या बापाला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बघायला एक बाई ठेवावी लागली आणि त्या बाईचे पैसे कौशल्या पाठवू लागली. तिनं आगाशे सरांना व्हॉट्सॲपवर मेसेज करायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

सहा महिन्यांत असे अकरा मेसेज गेले. पहिला असा होता: 'सर सॉरी टू डिस्टर्ब. पगाराचं थोडं बघता का? बाबांची तब्येत बरी नाही.' खाली हात जोडलेलं चित्र. चौथा होता: 'सर गुड मॉर्निंग. मागे बोलले होते त्याचं काही झालं का?' सातव्यात तिनं लिहिलं होतं, 'सर आता खरंच जमत नाही आहे.' तो पाठवून तिनं लगेच पुसूनही टाकला होता, पण तोवर तिकडे निळ्या खुणा उमटल्या होत्या. नववा मेसेज चुकून दिवाळीच्या शुभेच्छांच्या खालीच गेला. उत्तरं यायची. 'बघतो.' 'एप्रिलमध्ये बोलू.' बऱ्याचदा नुसता अंगठा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आगाशे सर तिला पाण्याच्या मशीनपाशी भेटले. सदाशिव पेठेतला माणूस. आवाज कधी चढवायचा नाही, पण बोलला की समोरचा बाटली भरायची थांबवायचा.

"वानखडे मॅडम, व्हॉट्सॲपवर मी भाजी मागवतो. पगारवाढ त्यावर येत नाही."

कौशल्या म्हणाली, "सॉरी सर."

"सॉरी नकोय, कागद हवाय. पंधरा मार्चला मी नावं वर पाठवणार. तुमच्या नावापुढे मी काय लिहू? बिचाऱ्या आहेत, असं?" मग जरा थांबून हळू म्हणाले, "मेल करा. नीट लिहा. काय करता, किती करता, किती हवेत. मग मला भांडायला काहीतरी मिळेल."

त्या शनिवारी तिनं लिहून पाहिलं. आनंद शेजारी बसला होता. आठ ओळी झाल्या. त्यांतल्या पाच ओळींत बाप होता, एका ओळीत घरभाडं आणि दोन ओळींत विनंती.

आनंदनं वाचलं आणि म्हणाला, "हे त सारं तुह्या घरचं झालं. तू हापिसात काय करतं ते कुठी हाय?"

"ते त्यायले माहीतच हाय न."

"माहीत असतं त सहा महिने लागले असते काय?"

हे कुणाला लिहिता येईल, ते तिला ठाऊक होतं. पण गेल्या सात महिन्यांत तिनं मैत्रीला एकदाही फोन केला नव्हता. करावासा वाटे आणि मग वाटे, काय बोलायचं? तुझं काम माझ्याकडे आहे, फार होतंय, असं सांगायचं?

रविवारी ती हडपसरला बस बदलून स्वारगेटला आणि तिथून धायरीला गेली. दार मैत्रीच्या वडिलांनी उघडलं. गोपाळकृष्ण लिमये पोस्टातून निवृत्त झालेले होते.

"मैत्री आहे का घरी?"

"घरीच असते आता. या."

मैत्री टेबलाशी बसून कुठल्याशा प्रकाशनाची मुद्रितं तपासत होती. पानामागे पैसे मिळत. केस तिनं बारीक कापून घेतले होते आणि त्यामुळे डोळे मोठे दिसत होते. कौशल्यानं पिशवीतून ठेच्याची छोटी बरणी काढून टेबलावर ठेवली. मैत्रीनं तिच्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं.

"काय काम काढलंस ते सांग आधी. मग मी ठरवते ठेचा घ्यायचा की नाही."

कौशल्यानं सांगितलं. मैत्रीनं फोन मागितला आणि पुसलेला सातवा सोडून बाकीचे दहाही मेसेज वरपासून खालपर्यंत वाचले. वाचताना एकदाही हसली नाही.

"यातून त्या माणसाला काय कळतं सांगू? तुझे वडील आजारी आहेत आणि तू सकाळी लवकर उठतेस."

"पण ते खरं आहे."

"खरंच आहे गं. पण वडिलांसाठी कंपनी पगार वाढवत नाही, कामासाठी वाढवते. वाढवला तर. वडिलांना यातून बाहेर काढ. 'थोडं बघा' काढ. थोडं म्हणजे किती, ते आकड्यात सांग. आणि माफी एकदाही मागायची नाही."

"उद्धट वाटेल."

"उद्धट शब्दांमुळे वाटतं. आपण शब्द अदबीचेच ठेवू."

मग मैत्रीनं लॅपटॉप पुढे ओढला. दर महिन्याला गुणवत्ता विभागाकडून सगळ्यांना जो तक्ता येतो तो आहे का, असं तिनं विचारलं. कौशल्याच्या फोनवर ऑफिसचा मेल होता, त्यात सगळे तक्ते होते. पेशंटचं एकही नाव किंवा नंबर यात येता कामा नये, तक्ते पुढे पाठवायचे नाहीत, फक्त कोणत्या महिन्याचा तक्ता ते लिहायचं, म्हणजे आगाशेंना त्यांच्याकडचा उघडून पडताळता येईल, असं मैत्रीनं बजावलं. दोघी आकडे काढत बसल्या. जूनपर्यंत कौशल्याकडे महिन्याला साधारण तीन हजार शंभर रिपोर्ट. ऑगस्टपासून पाच हजार दोनशे.

"मधले एकवीसशे म्हणजे मी," मैत्री म्हणाली आणि पुढच्या रकान्याकडे वळली.

हजेरीच्या नोंदीप्रमाणे रोजचा सरासरी सव्वा तास जादा निघाला. नोव्हेंबरात बारामती केंद्रातून एकाच नावाच्या दोन बायकांच्या नमुन्यांची अदलाबदल झाली होती. कौशल्यानं रिपोर्ट सोडायच्या आधीच ती पकडली होती आणि आगाशे सरांनी तेव्हा मेलवर दोन ओळींत आभार मानले होते. कौशल्या ते विसरूनही गेली होती. मैत्रीनं त्या मेलची तारीख लिहून घेतली. नंतर नोकरीच्या संकेतस्थळांवरून पुण्यातल्या अशाच कामाच्या, सात ते दहा वर्षांच्या अनुभवाच्या तीन जाहिराती काढल्या. चौतीस ते चाळीस हजार. कौशल्याला साडेसत्तावीस मिळत होते.

"शेजारच्या टेबलावर कुणाला किती मिळतात ते लिहायचं नाही," मैत्री म्हणाली. "तिथं भांडण सुरू होतं."

शेवटचा रकाना होता सोडल्यानंतर दुरुस्त कराव्या लागलेल्या रिपोर्टांचा. जूनपर्यंत दोन्ही डेस्क मिळून हजारी चार. ऑगस्टपासून हजारी तीन.

मैत्रीचा हात थांबला. कौशल्यालाही कळलं. मैत्री गेल्यावर चुका कमी झाल्या, असं त्या आकड्यानं म्हटलं असतं.

"हे नको घालू," कौशल्या म्हणाली.

"तक्त्यात आहे ना?"

"आहे, पण..."

"मग राहू दे. तुझ्या बाजूचा सगळ्यात चांगला आकडा हाच आहे." मैत्रीनं तो टाइप केला. "ऑगस्टपासूनच्या कामाबद्दल आता. 'जे काम यापूर्वी स्वतंत्र पदाकडे होते.' असं लिहिते."

"तुझं नाव लिहू या ना. सात वर्षं केलंस तू ते."

"नाव घातलं की ती तक्रार होते. पद पुरे."

आतून गोपाळकृष्ण चहा घेऊन आले, दोघींसमोर कप ठेवले आणि परत गेले. मैत्रीनं चहा प्यायला नाही. तो निवला तरी ती वाक्यं पुढेमागे करत होती.

मेल इंग्रजीत झाला. मराठीत तो असा होता:

'आदरणीय श्री. आगाशे,

मागील आठवड्यात आपण सुचवल्याप्रमाणे, माझ्या वेतनाचा एप्रिलपासून फेरविचार व्हावा यासाठी हे लिहीत आहे. गेली नऊ वर्षं मी रिपोर्ट विभागात काम करत आहे. आपलं वेळोवेळी मिळालेलं मार्गदर्शन आणि नोव्हेंबरात आपण केलेलं कौतुक यांबद्दल मी आभारी आहे.

मागील ऑगस्टपासून शहरातील केंद्रांसोबत बाहेरगावच्या केंद्रांचे रिपोर्टही मी तपासते. हे काम यापूर्वी स्वतंत्र पदाकडे होते. गुणवत्ता विभागाच्या मासिक तक्त्यांनुसार माझ्याकडील रिपोर्टांची सरासरी संख्या ३,१०० वरून ५,२०० झाली आहे. याच काळात दुरुस्त कराव्या लागलेल्या रिपोर्टांचं प्रमाण हजारी चारवरून तीनवर आलं आहे. हजेरीच्या नोंदीनुसार यासाठी रोज सरासरी सव्वा तास अधिक लागतो. १८ नोव्हेंबरला नमुन्यांची अदलाबदल रिपोर्ट सुटण्यापूर्वी लक्षात आणून देता आली, त्याचा आपल्या मेलमध्ये उल्लेख आहे.

पुण्यातील समान जबाबदारीच्या आणि अनुभवाच्या पदांना सध्या ३४ ते ४० हजार वेतन देऊ केलं जातं. तीन जाहिरातींचे दुवे खाली दिले आहेत. माझं सध्याचं वेतन २७,५०० आहे. ते ३४,००० करावं आणि पदनाम सध्याच्या जबाबदारीशी जुळणारं असावं, अशी विनंती आहे. या वर्षी पूर्ण वाढ शक्य नसल्यास किती शक्य आहे आणि उर्वरित विचार कधी होईल, हे लेखी कळावं.

आपल्या सोयीनं वीस मिनिटं दिलीत तर मी अधिक तपशील सांगू शकेन.

आपली, कौशल्या वानखडे'

कौशल्यानं तो दोनदा वाचला. तिला तो दुसऱ्याच कुणाचा वाटला. कुणीतरी पोक्त, पाठ ताठ ठेवून बसणारी बाई असावी, तिच्या घरी कुणी आजारी नसावं.

निघताना ती मैत्रीला म्हणाली, "तुला काही मिळालं का कुठे?"

"तीन ठिकाणी मुलाखत झाली. विचारतात, आधीची नोकरी का सोडलीत. मी सोडली नव्हती, पण राजीनाम्यावर सही माझी आहे. वर नेऊन बसवलं, म्हणाले, राजीनामा दिलात तर अनुभवाचं पत्र चांगलं मिळेल. दिला." तिनं ठेच्याची बरणी फळीवर ठेवली. "नोटिशीचा एक पगार मिळाला, बस. नंतर कळलं, पद रद्द केलं असं त्यांनी लिहून दिलं असतं तर भरपाई द्यावी लागली असती."

सोमवारी सकाळी दहाला मेल गेला. बाराला उत्तर आलं. 'मिळाला. आकडे पडताळले, बरोबर आहेत. गुरुवारी चार वाजता.'

गुरुवारी आगाशे सरांनी छापील प्रत समोर ठेवली होती. "अकरा मेसेजमधून मला एवढंच कळलं होतं की तुम्ही कष्टी आहात," ते म्हणाले. "आमच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. याला आहे. मी हा जसाच्या तसा वर पाठवतोय, माझ्या शिफारशीसह. चौतीस देतील असं वाटत नाही. पण काहीतरी देतील."

तिनं मान हलवली. उठताना त्यांनी विचारलं, "वडील कसे आहेत?" मेलमध्ये वडील नव्हते, तरी त्यांना आठवलं होतं. कौशल्याला रडू येईल असं वाटलं, म्हणून ती 'ठीक' म्हणून बाहेर पडली.

एप्रिलच्या आठ तारखेला पत्र आलं. वेतन एकतीस हजार, एक एप्रिलपासून. पदनाम वरिष्ठ. उरलेल्या रकमेचा विचार ऑक्टोबरात, असंही त्यात लिहिलेलं होतं. आनंद त्या संध्याकाळी हडपसरहून जिलबी घेऊन आला. कौशल्यानं दारव्ह्याला फोन केला, तेव्हा बापाला नीट बोलता येत नव्हतं, पण त्यानं काहीतरी आवाज केला आणि आई म्हणाली, हसले. त्या रात्री ती बऱ्याच महिन्यांनी शांत झोपली.

त्यानंतरच्या मंगळवारी सगळ्या विभागांची बैठक होती. मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. कौशल्याच्या शेजारी बायोप्सीच्या डेस्कवरच्या शकूताई बसल्या. शकूताई एक्कावन्न वर्षांच्या, राहायला येरवड्यातच, लॅबमध्ये चौदा वर्षं. डॉक्टर बोलत त्याचे रिपोर्ट त्या टाइप करत. त्या डेस्कवर हे काम करणारी दोन माणसं होती. चष्मा कपाळावर चढवून त्या पडद्याकडे बघत होत्या.

कामकाज प्रमुखांनी पडद्यावर एक चित्र आणलं. दोन खांब होते. एकाखाली 'पूर्वी: दोन पदं', दुसऱ्याखाली 'आता: एक पद'. वर ५,२०० हा आकडा. बाजूला हिरव्या बाणानं 'दुरुस्त्या हजारी चारवरून तीन.' ते म्हणाले, रिपोर्ट विभागानं दाखवून दिलंय की हे होऊ शकतं. इतर ठिकाणीही बघू.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शकूताईंनीही वाजवल्या आणि कौशल्याला कोपर लावून म्हणाल्या, "तुझंच हाय ना ते?"

कौशल्या पडद्यावर आपला रोजचा जादा सव्वा तास शोधत होती. तो कुठे नव्हता.

बारा दिवसांनी शकूताईंना वर बोलावलं. त्या खाली आल्या, जागेवर बसल्या आणि अर्धवट राहिलेला रिपोर्ट पुरा करू लागल्या. कौशल्या तिथून थेट आगाशे सरांच्या केबिनमध्ये गेली. या वेळी तिनं दारावर टकटक केली नाही.

"सर, ते माझ्या मेलमधले आकडे होते."

आगाशे सर खिडकीकडे बघत होते. "आकडे कंपनीचे होते. तुम्ही नीट मांडलेत, इतकंच."

"आणि सव्वा तास? तो कुठं गेला?"

"तो मी पाठवला होता, मॅडम. तुमचा पूर्ण मेल पाठवला होता." ते वळले. "मी तुमच्या वाढीसाठी पाठवला. वर तो दुसऱ्या कामाला आला. मला हे आधी सुचायला हवं होतं. एवढ्या वर्षांनंतर तरी सुचायला हवं होतं."

"शकूताईंचं थांबवता येईल का?"

"नाही. बोललो मी." त्यांच्या बोलण्यात नेहमीचा तिरकसपणा नव्हता, त्यामुळे ते खरं वाटलं आणि अधिक वाईट वाटलं.

बसमध्ये बसल्यावर तिनं मैत्रीला फोन लावला. मैत्रीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शकूताईंनी सही केली का राजीनाम्यावर?"

"उद्यापर्यंत वेळ मागितलाय त्यांनी."

"करू देऊ नकोस. काय काय मागायचं ते सांगते, लिहून घे. आणि लगेच जा त्यांच्याकडे."

कौशल्या पुढच्या थांब्यावर उतरली आणि उलट बस पकडून येरवड्याला परत आली. शकूताईंचं घर चाळवजा इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं. त्या गवारी निवडत बसल्या होत्या. कौशल्यानं आधी सही न करण्याचं सांगितलं. पद कंपनी बंद करतेय, तर तसं लिहून मागा. चौदा वर्षांची ग्रॅच्युइटी, साठलेल्या रजेचे पैसे, नोटिशीचा पगार आणि कपातीची भरपाई, हे सगळं मेलवर मागायचं, अदबीनं, तारखांसकट. तुमची नेमणुकीची तारीख, शेवटची पगारपावती आणि रजेचा हिशोब आहे का?

शकूताई उठल्या आणि कपाटातून प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. चौदा वर्षांचे कागद त्यात घडी घालून ठेवलेले होते.

कागद लावता लावता कौशल्यानं सांगून टाकलं. पडद्यावरचे आकडे तिच्या मेलमधून गेले होते आणि तो मेल तिनं पगारवाढीसाठी लिहिला होता. वाढ तिला मिळाली होती.

शकूताई कागदांच्या घड्या सारख्या करत राहिल्या. खाली कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"हे मला सांगितलं नसतंस तरी चाललं असतं," शेवटी त्या म्हणाल्या.

कौशल्यानं मान खाली घातली.

"आता सांगितलंस, तर लिही. मला इंग्रजी टाइप करता येतं, लिहिता येत नाही. डॉक्टर बोलायचे, मी उतरवायचे." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "तू बोल."

कौशल्यानं सांगितलं आणि शकूताईंनी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर टाइप केलं. त्यांची बोटं फार वेगानं चालत होती. एकदाच त्या थांबल्या. 'मी माझ्या इच्छेने राजीनामा देत नसून' या वाक्यापाशी त्यांनी विचारलं, हे असं लिहिलेलं चालतं का? कौशल्या म्हणाली, चालतं, फक्त पुढे 'आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे' असंही घालू. शकूताईंनी ते घातलं.

कंपनीनं आठ दिवस उत्तर दिलं नाही. शकूताईंनी तोच मेल तारीख घालून पुन्हा पाठवला आणि प्रत आगाशे सरांना दिली. आगाशे सरांनी तो वर नेला आणि म्हणे उत्तर मिळेपर्यंत तिथून हलले नाहीत. शेवटी पद रद्द केल्याचं पत्र निघालं आणि जे नियमानं देणं होतं ते सगळं महिन्याभरात जमा झालं. मैत्रीला जे मिळालं नव्हतं ते शकूताईंना मिळालं.

मैत्रीला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चांगलं झालं." मग म्हणाली, "खरंच म्हणतेय." कौशल्यानं तिला धायरीला येते म्हणून सांगितलं. मैत्री म्हणाली, या महिन्यात मुद्रितं फार आहेत, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यातही तिनं तेच सांगितलं.

आगाशे सर जूनमध्ये नोकरी सोडून गेले. कुठे ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या जागी आलेल्या बाई मेल झटपट वाचत आणि उत्तर एका शब्दात देत. ऑक्टोबरात कौशल्यानं एप्रिलच्या पत्राचा उल्लेख करून उरलेल्या वाढीबद्दल लिहिलं. सगळे आकडे घेतले, सव्वा तास मात्र पहिल्याच ओळीत ठेवला आणि दोन पदांचा उल्लेख अजिबात केला नाही. तो मेल तिनं एकटीनंच लिहिला. आनंदनं वाचून बरोबर आहे म्हटलं. उत्तर आलं, 'विचाराधीन.'

दिवाळीच्या आधी एका दुपारी शकूताईंचा फोन आला. कुठे टायपिंगचं काम निघतंय का, असं त्यांनी विचारलं. कौशल्यानं त्यांना फोनवर थांबायला सांगून जाहिराती पाहिल्या. एका हॉस्पिटलला बायोप्सी विभागात माणूस हवा होता, अनुभव दहा वर्षं, येरवड्यापासून जवळ. खाली बारीक अक्षरात वयाची अट होती, पंचेचाळीसच्या आत.

कौशल्यानं ती अट त्यांना वाचून दाखवली.

"बरं," शकूताई म्हणाल्या. "तरी पत्ता सांग. लिहून बघते."

कौशल्यानं पत्ता सांगितला. पलीकडून कीबोर्डचा आवाज येत होता, जलद आणि न चुकता. पडद्यावर नगरचे एकशे चाळीस रिपोर्ट वाट बघत होते. तिनं पहिला उघडला आणि नाव, वय, नंबर बघायला सुरुवात केली.